जुनी वही कॉम्प्युटरवर चढवताना: एका कारकुनाची गोष्ट आणि तिच्यातून शिकायच्या पायऱ्या

गावच्या कार्यालयात एक कारकून नव्याने रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर घरपट्टीची एक जुनी वही ठेवली गेली आणि सांगितलं गेलं, "एवढी कॉम्प्युटरवर चढवून टाका." वही जाडजूड, कडा झिजलेल्या, शाई कुठे निळी तर कुठे तपकिरी पडलेली. त्याला टायपिंग चांगलं येत होतं. त्याने वही उघडली, कॉम्प्युटरवर कोरा तक्ता उघडला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत अकरा पानं झाली. तक्ता छान सरळ दिसत होता. दुसऱ्या दिवशी ती अकराही पानं त्याला पुसून टाकावी लागली.

कारकून रचलेला आहे, त्याच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. असं काम पहिल्यांदा हाती आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला त्या भेटतात. म्हणून त्याच्या मागोमाग जाऊ आणि तो जिथे जिथे अडला तिथे थांबू.

आधी वही वाचा, तक्ता नंतर

अकरा पानं वाया का गेली? बाराव्या पानावर वहीचे रकानेच बदलले होते. आधीच्या पानांवर "मागणी" नावाचा एकच रकाना होता. बाराव्या पानापासून त्याचे तीन झाले: मागील थकबाकी, चालू मागणी, एकूण. हस्ताक्षरही बदललं होतं, म्हणजे तिथून दुसऱ्या माणसाने वही लिहायला घेतली असणार. कारकुनाने पहिलं पान पाहून तक्ता आखला होता, आणि तो पुढच्या पानांना पुरेना.

म्हणून पहिला अर्धा दिवस कॉम्प्युटर बंद ठेवा आणि वही शेवटपर्यंत उलटा. एका कागदावर लिहून ठेवा की पानं किती आहेत, कोणते पान क्रमांक गायब आहेत किंवा दोनदा आले आहेत, रकाने कुठे बदलतात, हस्ताक्षर कुठे बदलतं, चिठ्ठ्या कुठे चिकटवल्या आहेत आणि पानाच्या तळाशी बेरीज मांडली आहे का. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्या वहीत पानागणिक बेरीज आहे, त्या वहीने तुमचं काम तपासायची सोय स्वतःच करून ठेवली आहे. ती कशी वापरायची हे पुढे सविस्तर येईल.

या चाळण्यात कारकुनाला काही घर क्रमांकांशेजारी बारीक वर्तुळं दिसली. कुठे होती, कुठे नव्हती, आणि वहीत त्यांचा खुलासा कुठेच नव्हता. तो निवृत्त कारकुनांच्या घरी गेला. सगळे त्यांना आप्पा म्हणत.

"आप्पा, हे वर्तुळ तुमच्या हातचं का?"

आप्पांनी पान उजेडाकडे धरलं. "माझंच. घराला कुलूप असलं की काढायचो. नोटीस दाराला चिकटवली, हातात दिलेली नाही, असा त्याचा अर्थ."

"आणि इथे वर्तुळाच्या आत टिंब आहे."

"नंतर माणूस भेटला, नोटीस हातात दिली, की टिंब द्यायचं."

तक्त्यात ते टिंब शाईचा डाग समजून सुटलं असतं. वही लिहिणारा माणूस हयात असेल तर टायपिंग सुरू करायच्या आधी त्याला भेटा, आणि अशा खुणांची एक यादी करून ती त्याच्यासमोर वाचून खात्री करून घ्या. नसेल तर खुणेचा अर्थ मनाने लावू नका. "वर्तुळ", "वर्तुळात टिंब" असं जे दिसतं ते लिहा, अर्थाची जागा मोकळी सोडा.

पानांचे फोटो

यात फार काही नाही. खिडकीजवळ, सावली न पडता, वही सपाट ठेवून एकेक पान काढा. पान क्रमांक फोटोत आला पाहिजे. फाइलचं नाव `pan_037.jpg` असं ठेवा, म्हणजे ३७ हा आकडा तीन अंकी करून, नाहीतर यादीत पान १०० हे पान २ च्या आधी जाऊन बसू शकतं. चिठ्ठी चिकटवलेली असेल तर एक फोटो चिठ्ठीसकट आणि एक ती उचलून काढा. फोटो मोठे करून पाहता येतात, वही मात्र शंभरदा हाताळली की फाटते. टायपिंग शक्यतो फोटोवरूनच करा आणि शंका आली की वहीकडे जा.

तक्त्याचे रकाने

आता तक्ता. आमच्या कारकुनाने दुसऱ्या खेपेला असे रकाने आखले:

```
A  पान
B  ओळ
C  घर क्रमांक
D  नाव (वहीत आहे तसं)
E  मागील थकबाकी
F  चालू मागणी
G  एकूण
H  शेरा (वहीतला)
I  टीप (टाइप करणाऱ्याची)
J  नाव (शोधण्यासाठी)
```

पहिले दोन रकाने नवख्यांना निरर्थक वाटतात, कारण वहीत ते नसतात. पण तक्त्यातली ओळ वहीतल्या ओळीशी बांधून ठेवणारा दोरा तोच आहे. पुढे कधीही कुणी विचारलं की हे नाव कुठून आणलं, तर "पान ३७, ओळ ८" असं बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. शिवाय कुणी नावाच्या क्रमाने तक्ता लावला, तरी पान आणि ओळ या दोन रकान्यांवर पुन्हा क्रम लावून मूळ रचना परत मिळते.

क्रम लावताना एक जपा: सगळे रकाने एकत्र निवडून मगच क्रम लावायचा. एकच रकाना निवडून लावला तर नावं वरखाली सरकतात, आकडे जागच्या जागी राहतात, आणि एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर चढते. पान-ओळ रकानेसुद्धा मग वाचवू शकत नाहीत.

H आणि I वेगळे ठेवण्यामागे माझा आग्रह आहे. वहीत कुणी "घर पडले" असं लिहिलं असेल तर ते H मध्ये. "शेवटचं अक्षर पुसट, अंदाजाने वाचलं" हे तुमचं म्हणणं, ते I मध्ये. दोन्ही एकाच रकान्यात गेली की दहा वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही की हे तेव्हाच्या माणसाने लिहिलं होतं की टाइप करणाऱ्याने घातलं.

आणखी एक गोष्ट टाइप करण्यापूर्वीच करायची. C रकाना पूर्ण निवडा आणि त्याचा प्रकार `Text` करा. घर क्रमांक `12/1` असा असतो. रकाना साधा ठेवून तुम्ही तो टाइप केला की तक्त्याचा प्रोग्रॅम ती तारीख समजतो आणि जानेवारी किंवा डिसेंबर दाखवू लागतो. मग घाबरून रकान्याचा प्रकार `Text` केला तर घर क्रमांक परत येत नाही, त्या जागी पाच अंकी भलताच आकडा उभा राहतो, कारण प्रोग्रॅमने आत तारखेचा दिवसांतला हिशेब साठवलेला असतो. `007` असा क्रमांक असेल तर पुढची शून्यंही गळून पडतात. हे झालंय का ते ओळखायला सोपं आहे: मजकूर चौकटीत डावीकडे चिकटतो, आकडा आणि तारीख उजवीकडे. घर क्रमांकाच्या रकान्यात एखादी चौकट उजवीकडे सरकलेली दिसली की तिथे घोळ झालाय.

जसं लिहिलंय तसं

या कामात सगळ्यात अवघड काय, तर हात आवरणं. ओळ १४ वर "रामचंद" लिहिलंय. मनात येतं, "रामचंद्र" असणार, लिहिणाऱ्याने घाई केली. बोटं आपोआप शुद्ध करतात. पण त्याच घराच्या दुसऱ्या कागदावरही "रामचंद"च असेल, आणि तीच जुळणी त्या घरातल्या माणसाला उद्या हवी असेल, तर तुमच्या शुद्धलेखनाने त्याची वाट बंद केलेली असते. D मध्ये अक्षर न् अक्षर वहीप्रमाणे घाला. शुद्ध रूप हवं असेल तर J आहेच.

रिकाम्या जागांचंही असंच. आमच्या कारकुनाने सुरुवातीला जिथे काही नव्हतं तिथे शून्य भरली. वहीत मात्र तीन वेगळे प्रकार होते. कुठे जागा कोरी होती, कुठे आडवी रेघ होती, कुठे स्पष्ट "निरंक" लिहिलं होतं. निरंक म्हणजे लिहिणाऱ्याने पाहिलं आणि काही देणं नव्हतं. कोरी जागा म्हणजे कदाचित त्याने पाहिलंच नाही. दोन्हीला शून्य केलं की फरक कायमचा गेला. त्याने मग असं ठरवलं की निरंक असेल तर आकड्याच्या रकान्यात `0` आणि H मध्ये "निरंक". रेघ असेल तर आकड्याची चौकट रिकामी आणि H मध्ये "रेघ". कोरी असेल तर दोन्ही रिकामं. आणि वाचताच आलं नाही तर आकडा रिकामा आणि I मध्ये "अवाच्य". नियम तुम्ही वेगळा करा हवं तर, पण पहिल्या पानाआधी ठरवा आणि लिहून भिंतीला लावा.

"वरीलप्रमाणे" किंवा दोन छोट्या रेघा जिथे असतील तिथे मात्र वहीची नक्कल चालत नाही. तक्त्याचा क्रम बदलला की "वरील" कोण हेच कळत नाही. तिथे वरचं नाव पूर्ण लिहायचं आणि I मध्ये "वहीत वरीलप्रमाणे" अशी टीप द्यायची. पानाच्या पहिल्याच ओळीवर ही खूण आली तर मागच्या पानाची शेवटची ओळ पाहा. मध्ये पान गायब असेल, तर नाव भरूच नका.

खाडाखोड असेल तर दोन्ही आकडे हवेत. आकड्यांच्या रकान्यात दुरुस्त केलेला आकडा, I मध्ये "आधी ११५, खोडून १२५, शेजारी सही आहे". सही नसेल तर तेही नोंदवा.

आकडे आणि त्यांची लिपी

वहीत आकडे देवनागरीत असतात, म्हणून तक्त्यातही तसेच टाइप करावेसे वाटतात. E, F, G रकान्यांत तो मोह टाळा. देवनागरीत टाइप केलेला आकडा प्रोग्रॅमने मजकूर म्हणून धरला, तर तो बेरजेत धरला जात नाही, आणि `SUM` त्याबद्दल कुठलीही तक्रार न करता उरलेल्यांची बेरीज दाखवतो. चूक दिसतच नाही. कुठे आकडा मजकूर होऊन बसलाय हे पाहायला एक सूत्र पुरतं:

```
=COUNTA(F2:F500)-COUNT(F2:F500)
```

`COUNTA` भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतो आणि `COUNT` फक्त आकड्यांच्या. उत्तर शून्य आलं तर ठीक. तीन आलं तर तीन चौकटींत आकड्याच्या वेशात मजकूर आहे.

पान ३७

आता ती बेरीज. वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी "या पानाची बेरीज" आणि त्याखाली "पुढे नेली" असे दोन आकडे होते. कारकुनाने दुसऱ्या शीटवर प्रत्येक पानासाठी एक ओळ ठेवली: पान, वहीतली बेरीज, तक्त्यातली बेरीज, फरक, शेरा. तक्त्यातली बेरीज काढायला हे सूत्र:

```
=SUMIF(A:A,37,F:F)
```

म्हणजे A रकान्यात जिथे ३७ आहे तिथल्या F मधल्या आकड्यांची बेरीज. शीट वेगळं असल्याने A आणि F च्या आधी त्या शीटचं नाव लागतं, ते प्रोग्रॅममध्ये रकाना माउसने निवडला की आपोआप येतं.

पान ३७ वर बारा ओळी होत्या. वहीतली बेरीज ८८८. तक्त्यातली ९६८. फरक ८०.

नवखा माणूस इथे बाराही ओळी पुन्हा पहिल्यापासून तपासतो. गरज नाही. आधी फरकाकडे पाहा. हस्ताक्षरात सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी जोडी म्हणजे १ आणि ९. घाईत लिहिलेल्या १ ची गाठ मोठी झाली की तो ९ वाटतो. त्या दोघांत फरक आठाचा. एककाच्या जागी चूक झाली तर फरक ८ येईल, दशकाच्या जागी ८०, शतकाच्या जागी ८००. इथे ८० आहे आणि तक्त्यातली बेरीज जास्त आहे. म्हणजे कुठेतरी दशकाच्या जागी १ होता आणि ९ टाइप झाला, असं समजून पाहायला सुरुवात करायची. अशा ओळी किती? दुसरीत १९५, सहावीत ९६, बारावीत ९०. पाहायच्या फक्त तीन.

सहावी आणि बारावी वहीत स्पष्ट होत्या. दुसऱ्या ओळीतला आकडा फोटो मोठा करूनही १९५ वाटे आणि ११५ ही. तेव्हा कारकुनाने त्याच ओळीत आडवं पाहिलं. मागील थकबाकी ३०, एकूण १४५. तीस वजा केले की उरतात ११५. लिहिणाऱ्यानेच एकाच ओळीत उत्तर देऊन ठेवलं होतं.

त्यानंतर त्याने तक्त्याच्या शेजारी आणखी एक रकाना घेतला आणि प्रत्येक ओळीला हे सूत्र दिलं:

```
=E2+F2-G2
```

जिथे शून्य येणार नाही तिथे थांबायचं. या रकान्याचा एक फायदा त्याला नंतर कळला. एकदा चुकून एकटा F रकाना निवडून क्रम लावला गेला, तेव्हा हा रकाना खालपर्यंत शून्याशिवाय भलत्याच आकड्यांनी भरून गेला आणि घोळ तिथल्या तिथे लक्षात आला. लगेच `Ctrl+Z` दाबून सगळं परत आणता आलं.

पुढच्याच पानावर फरक ४५ निघाला, तक्त्यातली बेरीज कमी. ४५ ला ९ ने नि:शेष भाग जातो. असा फरक आला की टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असावेत, ही पहिली शंका. नऊने भागून आलेलं उत्तर त्या दोन अंकांमधला फरक सांगतं: ४५ भागिले ९ म्हणजे ५. बेरीज कमी आहे, म्हणजे मोठा अंक पुढे हवा होता तो मागे गेला. तक्त्यात २७, ३८, १६ किंवा ४९ असं काही शोधायचं. २७ सापडला, वहीत ७२ होता. इथे वाचताना चूक नव्हती, बोटांची होती.

ही युक्ती चूक एकच असेल तेव्हाच चालते, हे लक्षात असू द्या. एका पानावर दोन चुका असल्या तर फरकावरून काहीच ओळखता येत नाही आणि सगळ्या ओळी पाहाव्या लागतात. एक चूक वर आणि दुसरी तेवढीच खाली गेली तर बेरीज जुळते आणि दोन्ही लपून बसतात. आडवा ताळा म्हणूनच हवा. आणि नावं चुकली असतील तर कुठलीच बेरीज सांगणार नाही.

वहीच चुकली असेल तर

पान ५२ वर फरक आला १०. कारकुनाने सगळ्या ओळी पाहिल्या, दोनदा पाहिल्या, आडवे ताळे शून्य होते. मग त्याने कागदावर हाताने बेरीज केली. एककाच्या रकान्याची बेरीज ४३ येत होती. हातचे चार घ्यायचे, आणि जुन्या माणसाने घेतले होते तीन. वहीतली बेरीजच दहाने कमी होती.

इथे दोन गोष्टी करायच्या नाहीत. तक्त्यात बेरीज जुळावी म्हणून एखाद्या ओळीत दहा कमी करायचे नाहीत. आणि वहीत पेन लावून बेरीज सुधारायची नाही, पेन्सिलीनेही नाही. वहीतली बेरीज आहे तशी लिहायची, फरक १० तसाच दिसू द्यायचा, शेऱ्यात लिहायचं: "वहीत हातचा एकने कमी, ओळी बरोबर."

अशा चुकीची सावली पुढेही पडते. पान ५३ च्या डोक्यावर "मागील पानावरून" म्हणून तोच चुकीचा आकडा उतरवलेला असतो, आणि तिथून शेवटच्या पानापर्यंत "पुढे नेली" हा आकडा दहाने कमी राहतो. तुम्ही फक्त साचत गेलेल्या आकड्याशी तुलना केली तर पुढची सगळी पानं चुकलेली वाटतील आणि तुम्ही दिवसभर नसलेली चूक शोधत बसाल. म्हणून दरवेळी पानाची स्वतःची बेरीज ताडायची. ती वेगळी लिहिलेली नसेल तर "पुढे नेली" मधून "मागील पानावरून" वजा करून काढायची.

नावं: दिसायला सारखी, आतून वेगळी

अर्ध्या वहीनंतर मदतीला दुसरी एक कारकून आली. दोघांनी पानं वाटून घेतली. महिन्याने "कुऱ्हाडे" हे आडनाव शोधलं तर काहीच नोंदी सापडल्या. बाकीच्या डोळ्यांना दिसत होत्या, शोधात येत नव्हत्या.

कारण कीबोर्डात होतं. ऱ्ह मधला तो आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखीच उमटतात. कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी नावं वाटू शकतात. खात्री करायची तर `LEN` वापरा: पहिल्या तऱ्हेचं "कुऱ्हाडे" आठ चिन्हांचं भरतं, दुसऱ्या तऱ्हेचं नऊ.

```
=LEN(D2)
```

न दिसणारं चिन्ह नुसतं काढून टाकायचा प्रयत्न करू नका. ते काढलं की साधा र आणि हलन्त उरतात आणि र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन चढतो. पूर्ण तुकडाच बदलायला हवा. J रकान्यात हे सूत्र द्या:

```
=SUBSTITUTE(D2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

२३५२ म्हणजे र, २३८१ हलन्त, ८२०५ ते अदृश्य जोडचिन्ह आणि २३५३ म्हणजे ऱ. D ला हात लागत नाही, J मध्ये सगळी आडनावं एका तऱ्हेची होतात. दोघं जण काम करणार असाल तर त्याहून सोपा उपाय म्हणजे दोघांनी पहिल्या दिवशी एकच कीबोर्ड निवडणं, आणि ऱ्या, ऱ्ह असलेले पाचसहा शब्द दोघांकडून टाइप करून `LEN` जुळतं का ते पाहणं.

ताडणी

टाइप करणाऱ्यानेच स्वतःचं काम तपासलं तर डोळे जे असायला हवं ते वाचतात, जे आहे ते नाही. दुसरा माणूस हवाच. एकाने वहीतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पाहायचं. वाचणारा वहीवर असला पाहिजे. पडद्यावरून वाचून वहीत "हो, आहे" म्हणत गेलं तर तक्त्यात सुटलेली अख्खी ओळ कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण ती वाचलीच जात नाही. आकडे वाचताना "एकशे पंधरा" असं म्हणू नका, "एक, एक, पाच" असं सुटं म्हणा. पंधरा आणि पंचाण्णव घाईत कानाला जवळचे वाटतात. नावाबाबत ऱ्हस्व-दीर्घही उच्चारून सांगा: "दुसरी वेलांटी", "पहिला उकार".

एका बैठकीत किती पानं घ्यायची ते ठरवून ठेवा. थकल्यावर माणूस हुंकार देत जातो आणि पाहत नाही. आमचे दोघं दर पाच पानांनी जागा बदलत, वाचणारा पडद्यापाशी आणि पाहणारा वहीपाशी. ताडून झालेल्या पानाच्या ओळीत, बेरजांच्या शीटवर, तारीख आणि दोघांची आद्याक्षरं घातली जात.

साठवण

पूर्ण झालेल्या तक्त्याची एक प्रत कुणीही बदलू नये अशी वेगळी ठेवा. रोजच्या वापरासाठी दुसरी प्रत. तिसरी साध्या मजकुराच्या रूपात हवी, म्हणजे आजचा प्रोग्रॅम उद्या नसला तरी उघडेल. त्यासाठी साठवताना यादीतून `CSV UTF-8` निवडा. नुसतं `CSV` निवडलं तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरू शकतात, आणि ती फाइल बंद केल्यावरच कळतं. साठवल्याबरोबर फाइल एकदा साध्या मजकुराच्या संपादकात उघडून नावं वाचून पाहा. सूत्रं त्या प्रतीत राहत नाहीत, फक्त त्यांची उत्तरं राहतात, आणि तेवढं पुरतं.

खुणांची यादी, रिकाम्या जागांचा नियम आणि गायब पानांची नोंद तक्त्याच्याच फाइलमध्ये एका शीटवर ठेवा. वेगळ्या कागदावर ठेवलीत तर ती तक्त्याबरोबर फिरणार नाही. आमच्या कारकुनाने त्या शीटवर पहिली ओळ लिहिली: "घर क्रमांकाशेजारी वर्तुळ: कुलूप होते, नोटीस दाराला चिकटवली. वर्तुळात टिंब: नंतर हातात दिली. खुलासा वही लिहिणाऱ्या कारकुनांनी स्वतः दिला."

तक्ता झाल्यावर वही कपाटात परत गेली, कापडात गुंडाळून. काही दिवसांनी एक म्हातारी बाई आली. आजोबांच्या नावावर घर होतं की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं. तिने नाव सांगितलं, कारकुनाने J रकान्यात शोधलं. पान ६१, ओळ ४. शेजारच्या D रकान्यात नाव एका अक्षराने वेगळं होतं, आणि I मध्ये टीप होती: "शेवटचं अक्षर पुसट."

"थांबा जरा आजी," तो म्हणाला आणि वही आणायला उठला.